शेवटचा खण आधी

"पास झालीस तर पुण्याला जा. मी आडवा येणार न्हाय. न्हाय झालीस, तर दिवाळी झाली की अमरेशरावांच्या घरी. मग रडायचं न्हाय नि रुसायचं न्हाय."

बसाप्पांनी हे श्रावणात सांगितलं होतं, दुकानात, मिरचीच्या पोत्यांच्या मधे उभं राहून. गडहिंग्लजच्या बाजारात त्यांची मिरचीची अडत. माणूस कडक, पण दिलेल्या शब्दाला पक्का. बाजारात त्यांची चिठ्ठी कुणी मागत नसे, तोंडी बोललेलं पुरायचं. म्हणून वर्षाराणीनं तो शब्द घट्ट धरून ठेवला होता. बापानं शब्द दिलाय म्हणजे दिलाय. आता पास तेवढं व्हायचं होतं.

पण ते तेवढंच तर जमलं नव्हतं ना! बीएस्सीचे सगळे पेपर सुटले होते आणि कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलमध्ये बाईसाहेब एप्रिलात आपटल्या होत्या. डिग्री त्या एका प्रॅक्टिकलला लटकली. पुण्यातली एक कंपनी तिला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार होती, मैत्रिणीनं शब्द टाकला होता. पण ते म्हणत होते, आधी डिग्री दाखवा.

आणि मे महिन्यात आक्का गेली. वर्षाराणीची थोरली बहीण. हातकणंगल्याला दिली होती, नवऱ्याचं, अमरेशरावांचं, स्टेशनजवळ खताचं दुकान. बाळंतपणात रक्त थांबलं नाही, आणि पोटचं बाळ तिला धड बघताही आलं नाही. बाळ गडहिंग्लजला आणलं. तेराव्याला आलेल्या बायका चहा पिता पिताच बोलायला लागल्या की आता धाकल्या बहिणीनं त्या घरात जावं, म्हणजे लेकरू परक्या बाईच्या हाती पडत नाही. आपल्यात तशीच पद्धत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अव्वानं, म्हणजे आईनं, गौराबाईनं, बाळाला छातीशी धरून वर्षाराणीकडं बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. आता अशा बघण्याला काय उत्तर द्यायचं? अमरेशराव माणूस वाईट नव्हता. बिचारा कोपऱ्यात बसून जमीन उकरत होता. पण आक्काच्या साड्या अजून तिच्या कपाटात घडी घातलेल्या होत्या, त्यांना तिच्या अंगाचा वास येत होता, आणि त्याच कपाटात आपले कपडे ठेवायचे हे वर्षाराणीला सोसवत नव्हतं.

बसाप्पांनी अमरेशच्या वडलांनाही सांगितलं होतं, "माझ्या घरची पोरगी तुमच्या घरात येईल. नातवाला मी उघड्यावर टाकणार न्हाय." हा दुसरा शब्द. वर्षाराणीला तो ठाऊक होता, पण त्याचा तिनं फार विचार केला नाही. आपण पास झालो की ते सगळं आपोआप मिटेल, असं ती धरून चालली होती. माणसाला स्वतःचीच पडलेली असली की दुसरीकडं लक्ष जात नाही, त्यात तिचंही काही चुकलं असं म्हणवत नाही.

ऑक्टोबरात परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं चौघं कोल्हापूरला निघाली. वर्षाराणी, अप्पा म्हणजे बसाप्पा, धाकटी भूमिका आणि तिच्या मांडीवर बाळ. बाळाला कोल्हापुरातल्या डॉक्टरला दाखवायचं होतं, म्हणून भूमिका बरोबर. ती एकोणीस वर्षांची, घरातलं शेंडेफळ. कॉलेजच्या खो-खोच्या संघात नुकतीच निवड झालेली. पंजाबी ड्रेसखाली तिनं पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते.

"हे काय घातलंयस गं पायात?" अप्पा म्हणाले. "पोस्टमनसारखी दिसतीस."

"पळायला बरं पडतंय अप्पा."

"एसटीत कुठं पळतीस?"

भूमिका हसली, पण एरवीसारखं उलट बोलली नाही. एरवी ती बापाला सोडत नसे, एकाला दोन ऐकवायची. आज गप्प. खिडकीतून येणारं ऊन बाळाच्या तोंडावर यायला लागलं की ओढणी आडवी धरायची, तेवढंच करत होती. वर्षाराणी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काहीबाही खरडत होती, तिला बहिणीकडं बघायला सवड कुठली?

कॉलेजच्या फाटकाशी भूमिकानं तिचा दंड धरला. "ताई, शांतपणानं सोडव. बाकीचं काय मनात आणू नको. बाकीचं मी बघते."

"तू काय बघणारायस?" वर्षाराणी चिडूनच म्हणाली. तिच्या डोक्यात आकडे चालले होते, आणि ही मोठ्या माणसासारखं बोलत होती.

"जा की तू आत," भूमिका म्हणाली.

लॅबच्या दारात चपलांचा ढीग. आत कॉम्प्युटरवरची कापडं काढून ठेवलेली, कुणीतरी पहाटेच उदबत्ती लावून गेलेलं. नापास झालेली सात-आठ पोरं भिंतीला टेकून उभी होती, सगळ्यांची तोंडं कडू औषध प्यायल्यासारखी. टेबलाशी कॉलेजचे विजयसिंह सर आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. वर्षाराणीनं परीक्षकांकडं बघितलं. तेच. एप्रिलात होते तेच, जाड चष्म्याचे इंगळे सर.

एप्रिलात काय झालं होतं ते आठवलं तरी तिचे कान तापायचे. तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता, पास्कलचा त्रिकोण. वर एक, खाली एक एक, त्याखाली एक दोन एक, त्याखाली एक तीन तीन एक, असा आकड्यांचा उतरता त्रिकोण पडद्यावर छापायचा. क्लासमध्ये सगळ्यांनी तो प्रोग्रॅम पाठ केला होता. अर्थ कुणाला विचारायचा नाही, आरती पाठ करतात तसा पाठ करायचा. त्यात प्रत्येक आकडा फॅक्टोरियलनं काढायचा, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंत सगळ्यांचा गुणाकार, मग भागाकार. तिनं घडाघडा टाइप केला, चालवला. आठ ओळी बरोबर आल्या. नववी ओळ आली ती 'एक, उणे पाच, उणे सतरा'.

"हे उणे कुठून आलं?" इंगळे सरांनी विचारलं होतं.

"सर, मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं होतं. सरांनी फक्त पेन उचललं. मागाहून विजयसिंह सरांनी तिला सांगितलं की बाई, मशीन चांगलं आहे. आठाचं फॅक्टोरियल चाळीस हजारांच्या वर जातं आणि तू घेतलेल्या खणात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढं आकडा मावतच नाही, तो उलटा होऊन उण्यात जातो. एवढे मोठे गुणाकार करायचेच कशाला? वरची ओळ हातात आहे, शेजारशेजारच्या दोघांची बेरीज केली की खालची ओळ मिळते. पाठ काय करताय, डोकं वापरा की जरा!

उन्हाळाभर ती ते डोक्यात घोळवत होती. आक्काच्या दिवसांतसुद्धा. लोक भेटायला यायचे, रडायचे, आणि ती आत बसून कागदावर ओळीखाली ओळ मांडायची. तिला स्वतःची लाज वाटायची, पण त्या आकड्यांत बरं वाटायचं. तिथं तरी वरचं नीट असलं की खालचं नीट यायचं.

आता स्टीलच्या वाटीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. लॅबमधले शिपाई ज्ञानू वाटी घेऊन फिरले. तिनं उचलली, उघडली, आणि तिला हसावं की रडावं कळेना. पास्कलचा त्रिकोण. पहिल्या दहा ओळी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून तयार करा. फॅक्टोरियल नको. आणि खाली पेननं वाढवलेलं, 'एकच ॲरे वापरणे.'

एकच! घरी तिनं दोन घेऊन केलं होतं. ॲरे म्हणजे एकापुढं एक लावलेल्या खणांची रांग, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या ओळीनं मांडल्यासारखी. एका रांगेत जुनी ओळ ठेवायची, दुसऱ्या रांगेत नवी भरायची, सोपं होतं. आता एकाच रांगेत जुनीही आणि नवीही. म्हणजे जुनी पुसतच नवी लिहायची.

"वेळ सुरू झालाय," इंगळे सर कुणाकडं न बघता म्हणाले.

ती मशीनपुढं बसली. दहा खण घेतले, सगळ्यांत शून्य भरलं, पहिल्या खणात एक. ती पहिली ओळ. मग नेहमीसारखं डावीकडून सुरुवात केली: दुसऱ्या खणापासून पुढं जात जात, प्रत्येक खणात त्याच्या डाव्या शेजाऱ्याचा आकडा मिळवायचा. लिहिलं, चालवलं.

एक.

एक एक.

एक दोन दोन.

एक तीन पाच पाच.

हे काय? एक दोन एक यायला पाहिजे होतं. त्रिकोण दोन्हीकडून सारखा असतो, डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून वाचा. हा एका बाजूला फुगत चालला होता. पुढच्या ओळीत तर चार, नऊ, चौदा, चौदा. शेजारच्या मशीनवरचा पोरगा टकाटका टाइप करत होता. वर्षाराणीला एकदम उठून जावंसं वाटलं. जाऊ दे झालं. दिवाळीनंतर हातकणंगले. बाळ तरी ओळखीचं आहे.

मग तिला स्वतःचाच राग आला. तिनं पेन्सिल घेतली आणि एकेक खण हातानं केला. खणांत आहे एक, एक, शून्य. दुसऱ्या खणात डाव्याचा एक मिळवला, झाले दोन. बरोबर. तिसऱ्या खणात शून्य आहे, त्यात डाव्याचा आकडा मिळवायचा. डाव्याचा कुठला? आत्ताच बदललेला दोन! तिथं जुना एक पाहिजे होता, आणि तो तर मी स्वतःच्या हातानं पुसून बसले. जुन्याचं काम संपायच्या आधीच त्याच्यावर नवं लिहिलं. आता तो एक कुठून आणायचा?

पेन्सिल धरलेला तिचा हात थांबला. आक्काचं कपाट तिच्या डोळ्यांपुढं आलं. अव्वा म्हणायची, "घर रिकामं ठेवू नये." अगं पण आक्का अजून घरातून गेलीसुद्धा नाही, आणि तुम्ही तिच्यावर मला लिहायला निघालात! समोरचा पडदा धूसर झाला. हे बाहेर कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं तिला. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा कागदाकडं बघितलं.

जुना आकडा कुणाला लागतो? त्याच्या उजव्या शेजाऱ्याला. मग उजव्या शेजाऱ्याचं काम आधी उरकलं तर? म्हणजे सुरुवात डावीकडून नाही, शेवटाकडून करायची. एक, एक, शून्य. आधी तिसरा खण: शून्य अधिक डाव्याचा एक, झाला एक. मग दुसरा: एक अधिक एक, दोन. पहिल्याला हात लावायचा नाही, तो नेहमी एकच. एक दोन एक! पुढची ओळ. चौथा: शून्य अधिक एक, एक. तिसरा: एक अधिक दोन, तीन. दुसरा: दोन अधिक एक, तीन. एक तीन तीन एक. आलं की! तिच्या तोंडून ते मोठ्यानंच निघालं. ज्ञानूंनी वळून बघितलं.

तिनं प्रोग्रॅममधली फिरणारी ती एक ओळ बदलली, उलटी केली, प्रत्येक ओळीच्या आधी कमी कमी होत जाणाऱ्या मोकळ्या जागा सोडल्या, आणि चालवलं. पडद्यावर त्रिकोण उतरत गेला. शेवटची ओळ एक, नऊ, छत्तीस, चौऱ्याऐंशी, एकशे सव्वीस, आणि तिथून उलट्या पावली परत एकपर्यंत. डावीकडून तेच, उजवीकडून तेच. एकही उणे नाही. एवढं चांगलं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

प्रिंटर जुना. कर्रकर्र करत एक ओळ छापायचा, कागद जरा वर सरकवायचा, मग पुढची. ज्ञानूंनी कागद फाडून तिच्या हातात दिला.

इंगळे सरांनी तो बराच वेळ बघितला. मग चष्म्यावरून तिच्याकडं. "तुम्हीच ना त्या, उणे पाचवाल्या?"

"व्हय सर," ती म्हणाली. घाबरली की तिची गावची भाषा बाहेर पडायची.

"मशीन दुरुस्त झालं वाटतं." सर हसले नाहीत, पण आवाज तेवढा कडक नव्हता. "मला सांगा, हे उलटं का फिरवलंत? सगळे डावीकडून लिहितात. शेवटच्या खणापासून सुरुवात कशासाठी?"

पाठ केलेलं उत्तर नव्हतंच. तिनं ताठ उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "सर, डावीकडून गेलं तर पुढच्याला लागणारा जुना आकडा आधीच पुसला जातोय. म्हणून शेवटच्याला आधी बदलायचं. त्याचा जुना आकडा पुढं कुणालाच लागत नाही. तो बदलला तर कुणाचं काही बिघडत नाही."

"छान," इंगळे सर म्हणाले, आणि पेन उचललं. "या."

विजयसिंह सर तिच्या मागोमाग व्हरांड्यात आले. पायऱ्यांखाली कडुनिंबाच्या सावलीत बसाप्पा उभे होते, भूमिका डॉक्टरकडून येऊन कट्ट्यावर बसलेली, बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं.

"सर, पोरीचं काय झालं?" बसाप्पांनी टोपी काढून विचारलं.

"रिझल्ट लागायचा तेव्हा लागेल. तोवर मी काही बोलू नये. पण तुम्ही आज निवांत झोपा."

बसाप्पांना कळायचं ते कळलं. त्यांनी वर्षाराणीच्या डोक्यावर हात ठेवला. गेल्या कितीतरी दिवसांत त्यांनी असं केलं नव्हतं. "केलंस बाई," ते म्हणाले. "जा आता पुण्याला. माझा शब्द हाय." मग टोपी डोक्यावर बसवत म्हणाले, "तुम्ही थांबा इथं. मी एक फोन करून येतो." आणि फाटकाबाहेरच्या एसटीडी बूथकडं चालू लागले.

वर्षाराणी धपकन कट्ट्यावर बसली. "अगं भूमी, तुला सांगते, आधी सगळं चुकलंच होतं! मला वाटलं, आता मेले. मग एकदम डोक्यात आलं बघ..." ती बोलत सुटली. भूमिका ऐकत होती, हसत होती, बाळाच्या पाठीवर थोपटत होती.

"अप्पा कुणाला फोन करायला गेले?" बोलता बोलता तिनं विचारलं. "अव्वाला?"

भूमिकानं बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "हातकणंगल्याला."

"कशाला?"

"सांगायला, की ताई पास झाली म्हणून. मग माझं पक्कं करा म्हणून."

वर्षाराणीला पहिल्यांदा कळलंच नाही. माझं म्हणजे काय? आणि मग कळलं. अप्पांचे शब्द दोन होते. तिला दिलेला एक, हातकणंगल्याला दिलेला एक. माझ्या घरची पोरगी. त्यात नाव कुणाचं घेतलं होतं? कुणाचंच नाही. बसाप्पांनी दोन्ही शब्द पाळले होते, एकालाही बट्टा लागू दिला नव्हता.

"तुला कुणी विचारलं?" तिचा आवाज चिरकला. "तुला कुणी विचारलं गं?"

"मीच म्हटलं अप्पास्नी. गेल्या आठवड्यात. ताई पास झाली तर मी जाते म्हटलं. पास न्हाय झाली तर मग बघा तुम्ही." भूमिकानं मान खाली घातली. "ते बी न्हायच म्हणत होते आधी. पर बाळाचं काय करायचं सांग की. ह्याला माझी सवय झालीया. रात्री अव्वाकडं राहत न्हाय."

"तुझी खो-खोची टीम? तुझं कॉलेज?"

"ते काय, चालतंय."

"काय चालतंय? काय चालतंय!" व्हरांड्यातली पोरं बघायला लागली. वर्षाराणी उठली आणि फाटकाकडं धावली. बसाप्पा बूथमधून बाहेर येत होते, सुटे पैसे खिशात टाकत.

"अप्पा, मी जाते. मी करते अमरेशदाजींशी. परत फोन लावा. पुणे नको मला."

बसाप्पा जागच्या जागी थांबले. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. "असं कसं व्हईल बाई? आत्ता बोललो मी त्यांच्याशी. भूमिका म्हणून नाव सांगितलं. त्यांनी तिकडं साखर बी वाटली असेल आतापतोर. पोरी काय बदलून घ्यायच्या वस्तू हायत? आज ही म्हणायचं, उद्या ती म्हणायचं?"

"मग मला का न्हाय सांगितलं आधी?"

"तीच नको म्हणाली. ताईचं पेपरात ध्यान लागायचं न्हाय म्हणाली." ते दुसरीकडं बघत राहिले. "तुझ्या शिकण्यात एवढं गेलंय, तुझं वाया जायला नको. तिचं काय, अजून सुरू बी झालेलं न्हाय. तिच्या जाण्यानं कुणाचं काय अडत न्हाय."

वर्षाराणी बापाच्या तोंडाकडं बघतच राहिली. हेच वाक्य तिनं आत्ताच कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, स्वतःच्याच तोंडानं बोलली होती, ताठ उभी राहून, एकेक शब्द सुटा करून. आणि त्याला इंगळे सर छान म्हणाले होते.

परतीच्या एसटीत बसाप्पा पुढच्या बाकावर बसून डोळे मिटून होते. झोपले नव्हते, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. कागल गेल्यावर भूमिकानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि वर्षाराणीच्या पिशवीत घातले.

"तुझ्या मापाचे हायत. पुण्यात लांब लांब चालावं लागतंय म्हणं."

"काढ ते," वर्षाराणी म्हणाली. "घाल पायात. भूमी, घाल म्हणते ना."

"मला काय करायचेत आता?" भूमिका अनवाणी पाय बाकाखाली ओढून बसली. बाळ जागं झालं होतं. समोर वर्षाराणीच्या हातात सरांनी तपासून परत दिलेला त्रिकोणाचा कागद होता, त्याच्याकडं त्यानं हात लांब केला. भूमिकानं कागद आपल्याकडं घेतला, बाळाच्या तोंडात जाऊ दिला नाही, आणि मान वाकडी करून बघायला लागली. गणितात ती ताईपेक्षा हुशार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"वरच्या दोघांची बेरीज खाली," ती म्हणाली. "दोन्हीकडनं सारखं. चांगलं दिसतंय गं! आणि एकाच रांगेत केलंस म्हणतीस? जुनं पुसत पुसत?" तिच्या डोळ्यांत पूर्वीची ती भूमिका क्षणभर दिसली, एकाला दोन ऐकवणारी. "कसं काय? कुठल्या खणापासनं सुरू केलंस, सांग की."

वर्षाराणीनं तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं, एका वाक्याचं होतं. बाळ ओढणी ओढत होतं, भूमिका वाट बघत होती, आणि पिशवीतून बुटांची एक नाडी बाहेर लोंबत होती.

"सांग की ताई," भूमिका पुन्हा म्हणाली.

वर्षाराणीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. गडहिंग्लज येईपर्यंत तिनं काही ते सांगितलं नाही.